कर्णावर घडी घातली तर

सममितीच्या वर्कशीटवर फुलपाखरू, पान, चौरस असे आकार असले की मुलं झरझर रेषा ओढतात. गाडं अडतं ते आयतापाशी. मधोमध एक उभी रेषा, एक आडवी, मग दोन्ही कर्ण. आणि उत्तर लिहिलं जातं : चार सममिती अक्ष. खरं उत्तर दोन.

मुलांचं अगदीच चुकतं असंही नाही. कर्णावर कापलं तर आयताचे दोन तंतोतंत सारखे त्रिकोण होतात. पण भाग सारखे आहेत का, एवढंच इथे विचारलेलं नसतं. घडी घातल्यावर एक भाग दुसऱ्यावर बरोबर बसला पाहिजे.

१२ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद कागद घ्या. त्याचा कर्ण १५ सेंमी भरतो. त्यावर घडी घातली की समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांवर येतच नाहीत; त्यांच्यात चांगलं ४.२ सेंमी अंतर राहतं. कारण कर्णाच्या प्रत्येक टोकाशी एक १२ सेंमीची आणि एक ९ सेंमीची बाजू मिळते. घडी पडली की लांब बाजू आखूड बाजूवर येते. चौरसात या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून तिथे कर्ण चालतात आणि अक्ष चार होतात.

आता तोच कागद कर्णावर कापा. एक त्रिकोण टेबलावर न उलटता अर्धा फिरवून सरकवला की दुसऱ्यावर नेमका बसतो. मुलांच्या डोळ्यांना जाणवलेला सारखेपणा हाच, फक्त तो फिरवण्याचा आहे, घडीचा नाही. समांतरभुज चौकोन याच कारणाने फसवतो. तिरका, नीटनेटका दिसतो, पण बाजू असमान आणि कोन काटकोन नसतील तर त्याला एकही अक्ष नसतो. इंग्रजी मुळाक्षरांतली N, S, Z ही अक्षरंही तशीच.

वर्कशीट करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं : जवळजवळ चौरस दिसणारा आयत देऊ नये. १० आणि ९.५ सेंमी बाजूंच्या आयतात कर्णावरच्या घडीनंतर कोपऱ्यांत जेमतेम ७ मिमी फरक पडतो. लहान हातांची घडी थोडी वाकडी गेली की तो सहज लपतो. असा आकार आलाच, तर पट्टीने बाजू मोजायला लावावं.

रेषा मोजतानाही घोटाळा होतो. सुसम पंचकोनात प्रत्येक अक्ष एका कोपऱ्यातून निघून समोरच्या बाजूच्या मध्यावर जातो, म्हणून पाच. सुसम षट्कोनात मात्र कोपरा ते कोपरा तीन रेषा काढून मुलं थांबतात. समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या आणखी तीन राहून जातात.