वादळात शिडं कमी

समजा, तुमचे 10 लाख रुपये निफ्टी निर्देशांकात आहेत. गेल्या महिनाभरात तो रोज सरासरी पाऊण टक्का वरखाली होतोय. वर्षाचे कामकाजाचे दिवस सुमारे 252; त्याचं वर्गमूळ जवळपास 16. पाऊण गुणिले 16, म्हणजे वार्षिक अस्थिरता 12 टक्के. तुम्हाला झेपेल तो हेलकावाही 12 टक्केच ठरवला असेल, तर सगळी रक्कम बाजारात राहू द्या.

आता रोजचा हेलकावा 3 टक्क्यांवर गेला. वार्षिक आकडा 48. बाराला 48 ने भागा: पाव. अडीच लाख शेअरमध्ये ठेवायचे, बाकीचे लिक्विड फंडात. बाजार शांत झाला की हाच भागाकार पैसे परत आत आणतो. बाजार कुठे जाणार, याचा अंदाज कुठेच नाही.

23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला. पूर्ण रकमेवर तोटा 1 लाख 30 हजार. अडीच लाखांवर साडेबत्तीस हजार. पण 7 एप्रिलला निर्देशांक पावणेनऊ टक्के उसळला, तेव्हा हीच पाव रक्कम हात चोळत बसली असती.

खरी गोची वेगळीच. मोजमाप कालपर्यंतचं असतं. शांततेत अचानक तडाखा बसला, तर तो पूर्ण रकमेवरच बसतो, आणि विक्री नंतर होते. शिवाय रोज आकडा बदलला म्हणून रोज खरेदी-विक्री केली, तर दलाली आणि कर फायदा खातात. म्हणून हिस्सा बराच हलला तरच, असा नियम मला बरा वाटतो.