गंगेत घोडं न्हालं, आता ओळ काय लिहायची?

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो आणि पुढच्या दहा मिनिटांत घराघरांत एकच धांदल उडते. निकालाचं संकेतस्थळ उघडता उघडत नाही, एका घरात चार मोबाइल चालू असतात, कुणीतरी बैठक क्रमांक मोठ्यानं वाचत असतं. पान उघडतं, गुण दिसतात, त्याचा स्क्रीनशॉट काढला जातो. आणि तो स्टेटसला ठेवताना बोटं थांबतात. फोटोखाली लिहायचं काय?

पाऊणशेच्या वर टक्के मिळवून विशेष प्रावीण्यात गेलेल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. अडचण होते ती ज्यांना आनंद झालाय, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटतंय त्यांची. फार मिरवावं तर गुण तेवढे नाहीत आणि काहीच लिहू नये तर मन ऐकत नाही. अशा वेळी नम्र, हायसं वाटल्याचं सांगणारी आणि थोडं हसवणारी एक ओळ जमून गेली, तर ती शंभर ‘अभिनंदन’पेक्षा लोकांच्या लक्षात राहते.

एक उदाहरण धरून चालू. समजा, एका मुलीला गणिताची धास्ती आहे. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित चाळीस आणि भूमिती चाळीस गुणांची. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस धरून एकूण १०० होतात आणि पास व्हायला ३५ लागतात. हिला मिळाले ३८. प्रमेयं ऐनवेळी डोक्यातून पळून जायची, म्हणून शेजारच्या एका ताईनं वर्षभर संध्याकाळी तिला भूमिती शिकवली होती. आता ओळ लिहायची आहे.

पहिल्या झटक्यात ती लिहिते, ‘कष्टाचं फळ मिळालं! आई-बाबा, शिक्षक, मित्रमैत्रिणी सगळ्यांचे मनापासून आभार.’ यात चूक काही नाही, पण ही ओळ राज्यातल्या कुठल्याही मुलाच्या फोटोखाली चालेल. वाचणाऱ्याला तिची भीती कळत नाही, त्यामुळे तिची सुटकाही कळत नाही. सगळ्यांचे आभार मानले की ताई त्या गर्दीत हरवते.

दुसरी ओळ चुरचुरीत होते, ‘सर म्हणाले होते नापास होशील, बघा आता!’ हसू येईल, पण ते सरांच्या वाट्याचं हसू आहे. त्याच गटात सर असतील, त्यांची मुलं असतील. शिवाय ‘बघा आता’ म्हटलं की नम्रपणा संपला. तिसऱ्या वेळी ती उलट्या टोकाला जाते, ‘फक्त ३८, लाज वाटतेय.’ हे वाचून माणसं हसत नाहीत, धीर द्यायला धावतात. खाली ‘असं नको म्हणूस गं’ची रांग लागते आणि पास झाल्याचा आनंद कोपऱ्यात राहतो.

मग ती तिन्ही ओळी खोडते आणि फक्त खरं घडलेलं घेते. गुण किती, भीती कशाची, तारलं कुणी.

‘गणित : ३८. गंगेत घोडं न्हालं! त्याला काठापर्यंत ओढत नेणाऱ्या ताईचे आभार.’

इथे आकडा लपवलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं खरं वाटतं. ‘गंगेत घोडं न्हालं’ हे रखडलेलं काम एकदाचं तडीला गेल्यावर घरात सहज तोंडी येतं, म्हणून सुटकेचा निःश्वास वेगळा सांगावा लागत नाही. घोडं म्हणजे ती स्वतः, त्यामुळे गंमत दुसऱ्या कुणावर नाही. काठ हा शब्द आला की ‘काठावर पास’ आपोआप आठवतं, त्याची फोड करायची गरज नाही. आणि श्रेय गेलं ते एका माणसाला, तेही त्याच्या कामासकट. नम्रपणा दिसतो तो इथे. तो ‘मी काहीच नाही’ म्हणण्यात नाही, ‘अमुक एकानं हे केलं’ असं नेमकं सांगण्यात आहे.

आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. हसवणारा शब्द ओळीच्या शेवटाकडे असावा. ‘जीव भांड्यात पडला. भांडं मात्र आईनं सकाळपासूनच घासून ठेवलं होतं’ यात आधी सुटका आहे, मग आई. क्रम उलटा केला, तर गंमत आधीच खर्च होते. हसण्याच्या चार बाहुल्या शेवटी चिकटवल्या, तरी ती परत येत नाही.

चांगले गुण मिळालेल्यांनी मात्र जपून राहावं. ९१ टक्के मिळवून ‘कसाबसा सुटलो’ लिहिणं काठावरच्या मुलाला टोचतं, कारण कसंबसं सुटणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं. अशा वेळी सुटका स्वतःची दाखवू नये, घरातल्या ज्या माणसाचा जीव खरोखर टांगणीला लागला होता त्याची दाखवावी. ‘९१ टक्के. मी ठीक आहे. बाबांना पाणी द्या, ते एक वाजल्यापासून उभेच आहेत.’ टक्के सांगितले गेले, पण लक्ष बाबांकडे गेलं.

मोठ्यांच्या परीक्षांत गंमत वेगळ्या जागी सापडते. सीएच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात चाळीस टक्के आणि ग्रुपच्या एकूण गुणांत पन्नास टक्के लागतात. सगळे पेपर निघूनही एकूण बेरजेत ग्रुप अडकू शकतो. काही अटेम्प्ट देऊन सुटलेल्या माणसाला गुणांपेक्षा लग्नकार्यांत झेललेला प्रश्न जास्त आठवतो. तो लिहू शकतो, ‘“अजून किती राहिलंय?” असं प्रेमानं विचारणाऱ्या सर्वांना कळवण्यास आनंद होतो की, काही राहिलेलं नाही.’

ओळ जमली तरी फोटो तसाच टाकू नये. दहावीचा निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं, आणि स्क्रीनशॉटवर ही दोन्ही दिसत असतात. म्हणजे फोटो पाहणारा कुणीही ते पान पुन्हा उघडून गुणपत्रिका स्वतःकडे ठेवू शकतो. तेव्हा वरचा भाग कापावा, किंवा आईचं नाव आणि क्रमांक यांवर गडद पट्टी मारावी. फिकट रंगाचा ब्रश फिरवला, तर खालची अक्षरं अनेकदा वाचता येतात. म्हणून फोटो जतन करून, मोठा करून एकदा पाहावा.

शेवटची गोष्ट वर्गातल्या मित्राची. एकदोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि राहिलेल्या विषयांसाठी पुरवणी परीक्षाही असते, पण निकालाच्या दुपारी त्या मुलाला यातलं काही सुचत नाही. त्याला आधी फोन करावा आणि स्टेटस संध्याकाळी ठेवावं. ‘पास होणं काय, कुणीही होतं’ यासारखी ओळ त्या दिवशी टाळावीच. व्हॉट्सॲपवर स्टेटस कुणाला दिसावं हे निवडता येतं, पण मित्राला वगळलं तरी त्याला दुसऱ्याच्या मोबाइलवर ते दिसतंच. घोड्याची आणि ताईची ती ओळ मात्र त्यानं पाहिली तरी चालेल, कारण तिच्यात कुणाशी तुलना नाही.