बाटली उघडण्याआधीचं एक मिनिट

ग्रामीण महिलांच्या बचत गटांचा माल मोठ्या दुकानांपर्यंत पोहोचावा म्हणून ‘उमेद’ अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि काही ठिकाणी जिल्हा परिषदा खरेदीदारांशी थेट भेटी घडवून आणतात. टेबलापलीकडे तीन-चार माणसं बसलेली असतात. कुणी सुपरमार्केटसाठी माल घेतो, कुणी हॉटेलांना पुरवठा करतो, कुणी दिवाळीच्या भेटपेट्या भरतो. गटाच्या वाट्याला येतात जेमतेम पाच-सात मिनिटं, आणि त्या दिवशी लोणची, पापड, मसाले घेऊन आलेले दहा-वीस गट रांगेत असतात.

अशा वेळी बहुतेक भाषणं एकाच वळणाने सुरू होतात. मान्यवरांना नमस्कार, गटाची स्थापना, सदस्यांची संख्या, मासिक बचत, बँकेचं कर्ज, आणि मग ‘आमचं लोणचं अगदी घरगुती, पारंपरिक चवीचं’. गावच्या कार्यक्रमात हे शोभतं. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर तर ते आवश्यकच असतं, कारण त्याला गट किती पक्का आहे हेच बघायचं असतं. खरेदीदाराला मात्र वेगळंच हवं असतं. ‘घरगुती’ हा शब्द त्याने सकाळपासून प्रत्येकीकडून ऐकलेला असतो आणि त्यावरून त्याला एकही निर्णय घेता येत नाही. त्याच्या मनात सरळ प्रश्न असतात: हे टिकतं का, पुढची खेप अशीच लागेल का, किती मिळेल आणि कितीला पडेल?

मग सुरुवात कशी असावी? समजा, सिंधुदुर्गातल्या दहा जणींचा एक गट कैरीचं लोणचं घेऊन जानेवारीतल्या भेटीला आला आहे. बोलणारी बाई आधी बाटली टेबलावर ठेवते, मग म्हणते:

“नमस्कार. ही बाटली आम्ही मे महिन्यात भरली, आज तिला आठ महिने झाले. फोड चावून बघा, अजून करकरीत आहे. रायवळ कैरी, बाठीसकट फोडी, मोहरीची डाळ, शेंगदाणा तेल. प्रिझर्वेटिव्ह घातलेलं नाही. ३०० ग्रॅमच्या ६०० बाटल्या आज तयार आहेत. तुमच्या गोदामापर्यंत पोहोचवून बाटलीला १०५ रुपये. तुम्ही चव बघा, तोवर मी लेबल दाखवते.”

एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं. पण यातलं प्रत्येक वाक्य खरेदीदाराच्या एकेका शंकेचं उत्तर आहे.

आठ महिन्यांची बाटली आणणं ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. पुष्कळ गट भेटीसाठी मुद्दाम ताजं लोणचं करून आणतात. ते दिसायला सुरेख असतं, पण मुरलेलं नसतं, आणि ते टिकेल की नाही हे त्यावरून कळत नाही. मुरलेली बाटली सगळं सांगून टाकते. झाकण उघडल्यावर फोडींवर तेलाचा थर आहे का, कडेला पांढरी बुरशी धरली आहे का, फोड गाळ होऊन सालीपासून सुटली आहे का, हे पाहताक्षणी दिसतं. अनुभवी खरेदीदार तर चव घेण्याआधी बाटली उलटी धरतो आणि झाकणाभोवती बोट फिरवून बघतो. वाटेत तेल पाझरलं की लेबलं डागाळतात, खोकी चिकट होतात आणि दुकानदार अख्खी खेप परत पाठवतो. लोणचं कितीही फर्मास असलं, तरी झाकण सैल असेल तर बोलणी तिथेच थांबतात.

बाठीचा उल्लेखही उगाच नाही. बाठ फोडीला धरून असली की फोड महिनोन्‌महिने आकार सोडत नाही. कैरी पिकायला लागलेली असेल, किंवा मीठ-हळद लावलेल्या फोडी ओल्या असतानाच मसाल्यात गेल्या असतील, तर त्या लवकर मऊ पडतात. हे ज्याला माहीत असतं, त्याला त्या एका शब्दावरून समोरची बाई आपलं काम जाणते हे उमगतं.

लेबल दाखवण्याची वेळही नेमकी आहे. त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, बॅच नंबर, भरल्याची तारीख, निव्वळ वजन, घटक पदार्थ आणि शाकाहाराची हिरवी खूण लागते. तेलातल्या लोणच्यासाठी प्राधिकरणाचा दंडकही आहे: निथळलेल्या फोडींचं वजन किमान ६० टक्के, आणि फोडींवर तेलाचा पुरेसा थर किंवा तेल किमान १० टक्के. खर्च वाचवायला फोडी कमी करून खार वाढवला, तर तो माल या दंडकात बसत नाही. आणि ‘पचनाला औषधी’, ‘मधुमेहींना चालेल’ असली वाक्यं तोंडातून निघूच नयेत. ती सिद्ध करायला कागद लागतात, आणि मोठ्या दुकानाचा माणूस ते मागतोच.

आता दर. गट इथेच जास्त फसतात. आपल्या उदाहरणातला हिशेब असा धरू: कैरी, तेल, मसाला मिळून ४८ रुपये, बाटली, झाकण, लेबल २०, मजुरी १५, वाहतूक ७, म्हणजे बाटलीमागे ९०. मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनात गट हीच बाटली ११० रुपयांना विकतो आणि वीस रुपये सुटल्याचं समाधान मानतो. तीच ११० ही छापील किंमत ठेवून दुकानात जायचं ठरलं आणि दुकानदाराने ३० टक्के मागितले, तर गटाच्या हाती येतात ७७. म्हणजे बाटलीमागे तेरा रुपये खिशातून. १५० रुपये छापील किंमत धरली, तर त्याच हिशेबाने १०५ हाती येतात आणि पंधरा सुटतात. शिवाय प्रदर्शनातली किंमतही दुकानाच्या जवळपास न्यावी लागते, कारण दुकानात १५० आणि स्टॉलवर ११० हे कुठलाही दुकानदार फार दिवस चालू देत नाही. म्हणून भाषणात ‘पोहोचवून १०५’ हे सुरुवातीलाच येतं. दर आधी स्पष्ट असला की पुढची घासाघीस त्याच्या आसपास राहते. तो सांगायचा राहिला की ‘तुम्हीच सांगा ताई, परवडेल ते’ असं होतं, आणि तिथून वर चढणं फार अवघड.

६०० हा आकडाही पूर्ण खरा असायला हवा. समोरून कौतुक झालं की ‘हवं तितकं करून देऊ’ हे चटकन निघून जातं. लिंबाच्या लोणच्यात ते एक वेळ खपेल, लिंबं वर्षभर बाजारात असतात. लोणच्याची कैरी मात्र उन्हाळ्यात येते आणि पाऊस धरला की हंगाम संपतो. कारखाने मिठात खारवलेल्या फोडी पिंपांत साठवून वर्षभर लोणचं घालतात. घराच्या पडवीत काम करणाऱ्या दहा जणींकडे तेवढी जागाही नसते आणि भांडवलही. उन्हाळ्यात २,००० बाटल्या भरल्या, १,४०० प्रदर्शनांत विकल्या, तर उरल्या त्या ६००च.

आणि खरेदीदाराने पाच हजार मागितल्या तर? प्रभाग संघातले आठ-दहा गट मिळून तेवढा माल करू शकतात, पण मग प्रत्येक घरची फोडणी वेगळी आणि मिठाचा हात वेगळा. त्यासाठी एकच वजनी कृती, एकाच ठिकाणी कुटलेला मसाला आणि प्रत्येक बॅचची एक राखून ठेवलेली बाटली लागते. ही तयारी नसेल तर बाईने यंदा ६०० बाटल्यांची ऑर्डर दोन-तीन दुकानांसाठी मागावी, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी किती लागतील ते मार्चपूर्वी लेखी कळवायला सांगावं, म्हणजे कैरीची बोली मोहोर गळण्याआधी बागायतदाराशी करता येते.