ऑटोमॅटिक घड्याळांची साठवण आणि वाइंडरची गरज

मनगटावरून काढून ठेवलेले ऑटोमॅटिक घड्याळ दीड-दोन दिवसांत बंद पडते. त्याच्या पोटात रोटर नावाचे अर्धचंद्राकृती वजन असते. हाताच्या हालचालीने ते गरगरते आणि मुख्य स्प्रिंगला चावी देत राहते. हात थांबला की चावी मिळणेही थांबते, आणि स्प्रिंगमध्ये साठलेल्या जोरावर घड्याळ पुढे काही तास चालते. सायकोच्या अनेक घड्याळांतील ४आर३६ या यंत्रात हा साठा सुमारे ४१ तासांचा असतो, तर स्वित्झर्लंडच्या ईटीए २८२४ मध्ये ३८ तासांच्या आसपास. टिसॉटसारख्या कंपन्यांच्या ‘पॉवरमॅटिक ८०’ यंत्राच्या नावातच त्याचे तास आले आहेत. हे आकडे पूर्ण चावी भरलेल्या घड्याळाचे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या हातावर स्प्रिंग पूर्ण भरतेच असे नाही, त्यामुळे त्याचे घड्याळ या वेळेच्या बरेच आधी थांबू शकते.

एकच घड्याळ रोज वापरणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तीन-चार घड्याळे आलटून पालटून वापरणाऱ्याला मात्र दर वेळी थांबलेले काटे दिसतात, आणि दुकानदार त्याला वाइंडर सुचवतो. वाइंडर म्हणजे घड्याळ बसवून मोटरने हळूहळू फिरवणारी पेटी. तिच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण असे, की घड्याळ बंद राहिले तर आतले तेल घट्ट होते.

या समजुतीला जुना आधार आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घड्याळांचे उत्तम तेल प्राण्यांपासून मिळे. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या विल्यम नाय यांची कंपनी पॉर्पॉइज आणि डॉल्फिन या समुद्री प्राण्यांच्या जबड्यातील चरबीचे तेल घड्याळजींना पुरवीत असे. असे तेल हवेच्या संपर्काने काही वर्षांत चिकट होई. आजची तेले कृत्रिम रसायनांची आहेत आणि ती महिना-दोन महिने स्थिर राहिली म्हणून गोठत नाहीत. तीही शेवटी सुकतात, जागेवरून पसरतात, पण ते वर्षांच्या हिशेबाने. घड्याळ चालू ठेवून हे वय थांबवता येत नाही. वाइंडरवर पाच वर्षे फिरलेल्या घड्याळालाही सर्व्हिसिंग लागतेच.

उलट, चालू घड्याळाची झीज होते. आजच्या बहुतेक स्विस यंत्रांचे बॅलन्स चाक तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे दिवसाला सहा लाख नव्वद हजारांच्या वर आणि वर्षाला पंचवीस कोटी. महिन्यातून चारदा वापरायचे घड्याळ वाइंडरवर वर्षभर चालू ठेवले, तर उरलेल्या तीनशेहून अधिक दिवसांचे ठोके निव्वळ पेटीत खर्च होतात. चांगले यंत्र एवढे सहज सोसते, त्यामुळे घाबरण्यासारखे काही नाही. पण घड्याळ जपण्यासाठी ते फिरत ठेवावे, या युक्तिवादात दम उरत नाही.

वाइंडर घेतलाच, तर त्यावर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: दिवसाला किती फेरे, आणि कोणत्या दिशेने. बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांना दिवसाला ६५० ते ८०० फेरे पुरतात. दिशेचे मात्र यंत्रागणिक बदलते. सायको आणि ईटीए २८२४ रोटर कुठल्याही बाजूने फिरला तरी चावी भरून घेतात. जपानच्या मियोटा ८२०० मालिकेतील यंत्रे आणि अनेक स्विस क्रोनोग्राफमध्ये असणारे व्हॅलजू ७७५० ही एकाच दिशेने भरतात, दुसऱ्या दिशेला रोटर नुसताच मोकळा फिरतो. अशा घड्याळासाठी वाइंडर चुकीच्या दिशेला लावला, तर ते पेटीत दिवसरात्र फिरूनही थांबते. खूण सोपी आहे. घड्याळाला हाताने पूर्ण चावी द्यावी, ६५० फेऱ्यांवर ठेवावे आणि तीन दिवसांनी पाहावे. ते चालू असेल तर सेटिंग बरोबर आहे. थांबले असेल तर आधी दिशा बदलून पाहावी, आणि त्यानंतरच फेरे वाढवावेत.

जास्त फेऱ्यांनी स्प्रिंग तुटेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीला पक्के जोडलेले नसते. पूर्ण भरल्यावर ते डबीच्या भिंतीवरून घसरते. तिथे त्यासाठी खास ग्रीस लावलेले असते. गरजेच्या दुप्पट फेरे देणारी स्वस्त पेटी हे ग्रीस आणि रोटरमागची चाके नाहक झिजवते, एवढेच.

मग वाइंडर कोणाला उपयोगी? मुख्यतः पर्पेच्युअल कॅलेंडर असलेल्या घड्याळाच्या मालकाला. हे घड्याळ महिन्याचे दिवस, लीप वर्ष आणि बहुधा चंद्रकलाही स्वतःच सांभाळते. ते दोन महिने बंद राहिले, तर या सगळ्या गोष्टी योग्य क्रमाने पुन्हा लावाव्या लागतात. कर्ट क्लाउस यांनी आयडब्ल्यूसी कंपनीसाठी केलेल्या आणि १९८५ मध्ये बाजारात आलेल्या रचनेत सारे कॅलेंडर एकाच चावीने पुढे सरकते, पण मागे येत नाही. चुकून चार दिवस पुढे गेले, तर घड्याळ बंद ठेवून चार दिवस वाट पाहणे एवढेच हाती राहते. अशा घड्याळाला वाइंडर शोभतो. साध्या तारीख-वाराच्या घड्याळासाठी तो सोय आहे, आणि ती सोय वाचवते जेमतेम एक मिनिट.

ते मिनिट कसे जाते ते एका उदाहरणाने पाहता येईल. ४आर३६ यंत्राचे सायको शुक्रवारी रात्री ८ वाजता पूर्ण चावीनिशी काढून ठेवले. ते रविवारी दुपारी १ च्या सुमारास थांबेल. सोमवारी सकाळी ते घालायचे आहे. प्रथम चावी न ओढता वीस-पंचवीस फेरे द्यावेत. मग चावी दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढून काटे पुढे फिरवावेत. बारा वाजताच तारीख बदलली, म्हणजे ती मध्यरात्र. घड्याळ रविवार दुपारवर थांबले होते, म्हणून सोमवारची तारीख आपोआप आली. काटे तसेच पुढे नेत सकाळच्या खऱ्या वेळेवर आणून चावी आत दाबली की काम झाले.

घड्याळ पंधरा दिवस पडून असेल, तर एक काळजी हवी. रात्री साधारण ९ ते पहाटे ४ या वेळेत तारीख बदलणारी चाके एकमेकांत गुंतलेली असतात. त्या अवस्थेत पहिल्या टप्प्यावरून तारीख झटपट बदलली तर दाते मोडू शकतात. म्हणून आधी काटे मध्यरात्र ओलांडून सकाळच्या ६ वर आणायचे, मग तारीख-वार लावायचे, आणि शेवटी वेळ. घड्याळजींकडे येणाऱ्या तारखेच्या बिघाडांमागे बऱ्याचदा हीच घाई असते. सायको ५ मधील जुन्या ७एस२६ यंत्राला हाताने चावी देताच येत नाही. ते आडवे धरून अर्धा मिनिट डुलवले की चालू लागते.

बंद राहण्यापेक्षा घड्याळाला खरा त्रास होतो तो ठेवण्याच्या जागेचा. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते. चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते आणि घामाचे क्षार राहिलेल्या स्टीलच्या साखळीला सांध्यांत गंज लागू शकतो. घड्याळ ठेवण्यापूर्वी मऊ कापडाने पुसावे, चामड्याचा पट्टा रात्रभर उघड्यावर सुकू द्यावा, आणि मगच पेटी बंद करावी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवला, की ४० ते ५५ टक्क्यांचे प्रमाण राखता येते. त्याहून फार खाली जाणेही बरे नव्हे, कारण चामडे कोरडे पडून तडकते. सिलिका जेलचे दाणे रंग बदलणारे घ्यावेत. साध्या पांढऱ्या दाण्यांत ओल भरली तरी वरून कळत नाही.

पेटीकडेही लक्ष हवे. स्वस्त पेट्यांतील उशा पॉलियुरेथेनच्या फोमच्या असतात आणि बाहेरचे आवरण त्याच जातीच्या कृत्रिम चामड्याचे. दमट हवेत हा पदार्थ काही वर्षांत विरघळू लागतो. आवरणाचे पोपडे निघतात आणि उशीची चिकट भुकटी साखळीच्या कड्यांत बसते. बोट फिरवून चिकटपणा जाणवला, की पेटी टाकून द्यावी. सुती किंवा मखमली कापड आणि प्रत्येक घड्याळाला वेगळा कप्पा असेल तर साधी लाकडी पेटीही पुरते. कप्पा वेगळा हवा, कारण एका घड्याळाची स्टीलची पकड दुसऱ्याच्या केसवर हमखास ओरखडे पाडते.

चुंबक ही दुसरी अडचण. मोबाइलचे चुंबकी कव्हर, ब्लूटूथ स्पीकर, पर्सची बकल, टॅब्लेटचे झाकण, यांच्या शेजारी ठेवलेल्या घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय होऊन तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळ मग दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाते. कालपर्यंत नीट चालणारे घड्याळ एकाएकी असे पळू लागले, तर त्याच्याभोवती साधे होकायंत्र फिरवून पाहावे. सुईचे एकच टोक कधी ओढले आणि कधी ढकलले गेले, तर निदान पक्के. घड्याळजीकडचे डीमॅग्नेटायझर हे काम काही सेकंदांत करते, घड्याळ उघडावेही लागत नाही. चुंबकापासून वीतभर अंतर ठेवले तर ही वेळ येत नाही. वाइंडरची मोटरही चुंबकावरच चालते. चांगल्या पेटीत ती घड्याळापासून दूर किंवा आवरणात असते, स्वस्त पेटीत बहुधा नाही.

त्याच पेटीतील सेलच्या घड्याळांचा हिशेब उलटा आहे. ऑटोमॅटिक घड्याळ वर्षभर बंद राहिले तरी त्याचे सहसा काही बिघडत नाही, पण बंद पडलेला सेल आत तसाच राहिला तर गळतो आणि सर्किट खातो. सेल संपल्याचे दिसताच तो काढून घ्यावा, नवा लगेच टाकला नाही तरी चालेल. सिटिझनच्या इको-ड्राइव्हसारखे सौर घड्याळ बंद पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नये; महिन्यातून काही तास ते खिडकीजवळ, पण तापत्या उन्हात नाही, असे ठेवावे. आणि वडिलांचे एचएमटी कांचन वीस वर्षांनी कपाटातून निघाले, तर त्याला चावी देऊन आठवडाभर चालवून बघण्याचा मोह टाळावा. जुने तेल सुकलेले असते आणि कोरड्या आसांवर चाके फिरली की आस घासले जातात. आधी घड्याळजीकडून ते खोलून धुऊन, नवे ऑइलिंग करून घ्यावे, मग वापरावे.