चाक निघालं, दांडी आतच राहिली

ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचं चाक दोन तऱ्हांनी निखळतं. एक सोपी. अख्खं कॅस्टर दांडीसकट पायातून बाहेर पडतं. ते पुसायचं आणि परत दाबून बसवायचं. दुसऱ्या तऱ्हेत चाकावरची प्लास्टिकची टोपी तुटते किंवा दांडीवरून घसरून येते. चाक हातात राहतं, पण लोखंडी दांडी पायाच्या भोकात रुतून बसलेली असते. खाली बोटाच्या पेराएवढी बाहेर डोकावते, गुळगुळीत आणि बहुधा थोडी गंजलेली. नवं चाक दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं, पण ही दांडी बाहेर आल्याशिवाय ते बसवायचं कुठे?

दांडी उपटायला बसण्याआधी ती आट्यांची नाही ना, एवढं पाहून घ्यावं. काही टेबलांच्या, कपाटांच्या आणि रुग्णालयातल्या खाटांच्या चाकांना आटे असलेली दांडी असते. पाय आणि चाक यांच्या मध्ये षटकोनी नट दिसला, तर तिथे पाना लावून ती फिरवूनच काढायची. ओढलीत तर आटे उखडतील आणि पाय कायमचा जाईल. दांडी पकडीत धरून फिरवली असता गोल फिरत राहिली, पण वर सरकली नाही, तर ती दाबून बसवलेली आहे असं समजायला हरकत नाही. पुढचं सगळं या दाबून बसवलेल्या दांडीबद्दल.

तिला धरून काय ठेवतं, हे कळलं की निम्मं काम झालं. खुर्चीच्या कॅस्टरची सर्रास आढळणारी दांडी ११ मिलिमीटर जाडीची असते आणि २२ मिलिमीटर आत जाते. तिच्यावर एक खाच असते आणि त्या खाचेत पोलादी तारेची, एका जागी कापलेली रिंग बसवलेली असते. मोकळी असताना ही रिंग भोकापेक्षा किंचित मोठी असते. दांडी आत दाबताना ती आवळली जाते आणि मग आयुष्यभर बाहेर फुगायचा प्रयत्न करत भोकाच्या भिंतीला रेटून राहते. तिथे ना गोंद आहे, ना स्क्रू. आहे ते फक्त घर्षण. म्हणूनच धडधाकट कॅस्टर दोन्ही हातांनी जोर लावून सरळ ओढलं तर बहुतेक वेळा निघतं. बिघाड होतो तो काळाने. पावसाळी दमट हवेत दांडी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे भोकातली उरलीसुरली फट बुजते. त्यात केस, धागे आणि लादी पुसताना उडालेलं साबणाचं पाणी यांची भर पडते. आता रिंगेच्या जोडीला गंजही दांडीला धरून बसतो.

इथे बहुतेक जण घरातली साधी पक्कड घेतात, दांडी पकडतात आणि झटके देतात. पक्कड सटकते. पुन्हा पकडतात, पुन्हा सटकते. दांडीवर चमकदार ओरखडे उठतात, पण ती जागची हलत नाही. दोष मनगटाचा नाही. साध्या पकडीत एकाच हाताला दोन कामं करावी लागतात, दाबून धरायचं आणि वर ओढायचं. हात जेवढा ओढण्यात गुंततो तेवढी पकड सैल पडते. म्हणून ही दोन कामं वेगळी करायची. पकडीने फक्त धरायचं आणि ओढायचं काम तरफेवर सोपवायचं.

धरण्यासाठी लॉक होणारी पक्कड हवी. हार्डवेअरच्या दुकानात तिला ग्रिप प्लायर म्हणतात. तिच्या मुठीच्या टोकाला स्क्रू असतो. तो फिरवून जबड्यातलं अंतर असं ठेवायचं की मूठ मिटवताना तळहाताला चांगलाच जोर लागावा आणि मग खटकन ती जागेवर बसावी. त्यानंतर हात काढून घेतला तरी पक्कड दांडीला घट्ट चिकटून राहते. सपाट जबड्यांपेक्षा आत वळलेले, दातेरी जबडे गोल दांडीला जास्त ठिकाणी चावतात, म्हणून घ्यायचीच असेल तर तीच घ्यावी. एवढं करूनही सटकली, तर कानशीने दांडीच्या दोन समोरासमोरच्या बाजू थोड्या सपाट कराव्यात. ही दांडी पुन्हा वापरायची नाहीच, तेव्हा तिच्या रूपाची काळजी कशाला?

आता एक नमुना घेऊ. खुर्ची नायलॉनच्या पाच पायांची, तुटलेली दांडी सुमारे २० मिलिमीटर बाहेर. खुर्ची उलटी करून जाड सतरंजीवर ठेवायची, म्हणजे भोकाचं तोंड वर येतं. दांडीभोवती गुंडाळलेले केस पात्याने कापून काढायचे. भोकाच्या कडेने पातळ तेलाचे दोनतीन थेंब सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यायचं. उलट्या खुर्चीत तेल आपोआप खाली, म्हणजे आत उतरतं. तोंडाशी दांडीवर स्केचपेनने एक रेघ मारावी. दांडी खरंच सरकते आहे की नुसती पक्कडच वर घसरते आहे, हे नंतर या रेघेवरूनच कळतं.

पक्कड पायाला टेकवून लावायची नाही. जबडा आणि पाय यांच्या मध्ये करंगळीएवढी फट ठेवायची. तरफेचं टोक तिथे जायचं आहे. आधी मात्र पकडीची मूठ धरून दांडी फिरवायचा प्रयत्न करायचा, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. ही पायरी वगळू नये. घर्षण नेहमी सरकण्याच्या नेमक्या उलट दिशेला काम करतं. दांडी गोल फिरत असताना ते जवळजवळ सगळं फिरण्याला अडवण्यात खर्ची पडतं आणि वर ओढण्याला अडवायला फारसं उरत नाही. बाटलीचं बूच आपण पिळत पिळत काढतो, ते याच कारणाने. शिवाय मूठ लांब असल्यामुळे फिरवायला जोर कमी लागतो. गंजाची पकड सुटते तेव्हा किंचित करकर ऐकू येते आणि त्यानंतर फिरणं एकदम हलकं होतं. कधी कधी एवढ्यावरच, फिरवता फिरवता ओढून, दांडी निघते.

नाही निघाली तर तरफ. यासाठी मोठा स्क्रूड्रायव्हर चालतो, पण खिळे उपटायची, टोकाला दुभंगलेली आणि वाकलेली सळई जास्त चांगली. तिची फट दांडीच्या दोन्ही बाजूंना बसते, त्यामुळे जबड्याला दोन्हीकडून सारखा रेटा मिळतो. फट अरुंद असली तर ती दांडीभोवती पूर्ण जाणार नाही, तरी चालतं. सळईचा बाक टेकू होतो. पण तो थेट नायलॉनवर टेकवू नये. खाली लाकडाची पट्टी ठेवावी. पट्टीमुळे भार पसरतो आणि हा भार थोडाथोडका नसतो. समजा टेकू दांडीपासून ३ सेंटिमीटरवर आहे आणि हात टेकूपासून २७ सेंटिमीटरवर. म्हणजे जोर नऊपट होतो. हाताने १० किलोचा रेटा दिला की दांडीवर ९० किलोची ओढ बसते आणि पट्टीखालच्या पायावर त्या दोहोंची बेरीज, म्हणजे १०० किलो. पायाच्या खालच्या बाजूला आडव्या-उभ्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. एवढं ओझं तिच्या एकाच बिंदूवर पडलं तर ती मोडते.

आता खरी काळजी सरळपणाची. तरफेचं टोक सरळ वर जात नाही, कमान काढत जातं. पहिले दोनतीन मिलिमीटर ही कमान जाणवत नाही. पुढे दांडी एका बाजूला कलू लागते, भोकाच्या तोंडाशी अडते आणि जोर वाढवला की तोंडच फाकतं. म्हणून एका दमात उपटायला जाऊ नये. थोडं उचलायचं, तरफ सैल करायची, पकडीने दांडी अर्धा फेरा फिरवायची, पक्कड पुन्हा खाली सरकवून लावायची किंवा पट्टीखाली आणखी एक फळीचा तुकडा सारायचा आणि मग पुढचं थोडं. रेघ वर सरकताना दिसली पाहिजे. रिंग भोकाच्या तोंडाशी आली की जोर अचानक कमी लागतो आणि दांडी उसळून सुटते. त्या क्षणी चेहरा तिच्या रेषेत नसावा. डोळ्यांना साधा चष्मा तरी असावा.

थांबायचं कधी, हे नायलॉन स्वतःच सांगतं. काळं प्लास्टिक ताणाखाली पांढुरकं पडू लागलं की ते हद्दीला आलं आहे. तेव्हा जोर वाढवण्याऐवजी पुन्हा तेल सोडून खुर्ची रात्रभर तशीच ठेवणं शहाणपणाचं. गॅसच्या ज्योतीने तापवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. नायलॉन दांडीच्या आधी मऊ होतं, आणि खुर्चीच्या मध्यभागी दाबाखालच्या वायूचा सिलिंडर असतो. त्याच्याजवळ ज्योत नेणं निव्वळ वेडेपणा. काही धातूच्या पायांमध्ये भोक वरपर्यंत आरपार असतं. तिथे ही सगळी खटपट टळते. वरून पंच लावून हातोडीचे चारदोन ठोके दिले की दांडी खाली पडते.

लाकडी पायाची गोष्ट निराळी. तिथे दांडी थेट लाकडात नसते. आधी लाकडात पत्र्याची नळी ठोकलेली असते, तिच्या कडेला लाकडात घुसणारे दाते असतात आणि दांडी त्या नळीत अडकते. तरफ लावली की पुष्कळदा नळीसकट सगळं बाहेर येतं. त्याने बिचकायचं कारण नाही. नळी शिकंज्यात धरून दांडी वेगळी करता येते. मात्र इथे तेल वापरू नये. लाकडावर डाग पडतो आणि पुढे गोंदही धरत नाही. लाकडातलं भोक सैल झालं असेल तर फेविकॉल लावलेल्या लाकडाच्या पातळ कपच्या आत बसवून नळी परत ठोकावी आणि एक दिवस तरी त्या पायावर वजन देऊ नये.

निघालेली दांडी फेकू नका, ती घेऊनच दुकानात जा. सगळी कॅस्टर सारखीच दिसतात, पण आयकियाच्या खुर्च्यांना १० मिलिमीटरची दांडी असते आणि इतर बहुतेकांना ११ची. नवी मुंबईत २०२० साली आयकियाचं दुकान उघडल्यापासून आपल्याकडेही हा घोटाळा व्हायला लागला आहे. ११च्या भोकात १०ची दांडी घातली तर खुर्ची उचलताच चाक गळून पडतं. १०च्या भोकात ११ची ठोकली तर पाय चिरतो. फूटपट्टीवर हा फरक नीट कळत नाही, व्हर्नियर कॅलिपर लावावा.

नवं कॅस्टर बसवण्याआधी भोकातलं तेल कापडाने पूर्ण पुसून काढायचं. रिंग घर्षणावरच उभी असते, आणि दांडी काढायला कामी आलेलं तेल तिला मुळातच उभं राहू देत नाही. मग कॅस्टर सरळ धरून दाबायचं, रबरी हातोडीने एखाद-दुसरा ठोका द्यायचा, खुर्ची सुलटी करून तिच्यावर बसायचं आणि मग खुर्ची उचलून चाक लोंबतं का ते पाहायचं. योग्य मापाचं चाक असूनही ते लोंबत असेल, तर भोकाचं तोंड फाकलं आहे किंवा त्याच्या कडेला केसासारखी चीर गेली आहे. अशा पायात कोणतीच रिंग टिकत नाही. मग पाच पायांचा तळच बदलावा लागतो, आणि त्यासाठी मधला सिलिंडर तळातून ठोकून काढावा लागतो.