भिंतीवरचे ठिपके, तबकडीतली मिनिटं

हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक भिंत मी मोकळी ठेवली आहे. सीडीवरून परतलेला लेसर त्या भिंतीवर पाहण्याचा नाद मला कित्येक वर्षांचा आहे. सीडीवर रंग का दिसतात हे वाचकांना ठाऊक आहे. मला छळणारा प्रश्न पुढचा होता: तिच्यावरच्या गोलाकार रेघांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने मोजता येईल का?

या नादाने मला डेव्हिड रिटनहाउसपर्यंत नेलं. फिलाडेल्फियाचा हा घड्याळजी आणि खगोलज्ञ. १७८५ साली त्याचा मित्र फ्रान्सिस हॉपकिन्सन याने रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला. रुमालाचे धागे जाडजूड होऊन काळ्या पट्ट्यांसारखे दिसले. नवल असं की रुमाल इकडेतिकडे हलवला तरी पट्ट्या जागच्या हलेनात. त्याने रिटनहाउसला विचारलं. रिटनहाउसने बारीक आट्यांचे स्क्रू घेतले, आट्यांमध्ये केस बसवले, इंचाला सुमारे १०६, आणि त्या चौकटीतून खिडकीतली प्रकाशाची अरुंद फट पाहिली. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना रंगीत रेघा उमटल्या. त्याने त्यांचे कोन मोजले आणि लोलकात कमी वळणारा तांबडा इथे निळ्यापेक्षा जास्त वळतो, हेही टिपलं. पुढे १८२१ च्या सुमारास फ्राउनहोफरने हेच काम स्वतंत्रपणे केलं आणि नाव त्याचं झालं. मला हा अन्याय वाटतो.

रिटनहाउसला केसांमधलं अंतर ठाऊक होतं, प्रकाश अनोळखी होता. आपल्याकडे उलटं आहे. हिरव्या लेसर पेनाची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर, आणि ती भरवशाची, कारण पेनातला स्फटिकच ती ठरवतो. तांबड्या पेनावर ६५० लिहिलेलं असलं तरी आतला आकडा दहाएक नॅनोमीटर इकडेतिकडे असू शकतो. म्हणून हिरवा घेतला.

भिंतीसमोर बरोबर ५० सेंटिमीटरवर सीडी उभी केली. पेन पुस्तकांच्या चवडीवर, भिंतीकडून सीडीकडे रोखलेलं. किरण मध्यबिंदूच्या शेजारी, डाव्या किंवा उजव्या बाजूला पडायला हवा. तिथे रेघा उभ्या असतात, त्यामुळे ठिपके आडवे पसरतात. सरळ परतलेला किरण पेनाच्या तोंडावरच पडला पाहिजे. तो बाजूला सरकला की डावा-उजवा ठिपका सारख्या अंतरावर राहत नाही, आणि तीच चूक ओळखायची खूण.

"मामा, मधे प्लास्टिक आहे ना? किरण त्यातही वाकत असेल," टेपचं टोक धरून भाची म्हणाली. शंका रास्त होती. प्लास्टिकमध्ये तरंगलांबी आखूड होते, म्हणून किरण कमी वळतो. पण बाहेर पडताना तो तितकाच जास्त वाकतो. दोन्ही परिणाम एकमेकांना पुरते खोडतात.

पहिली, ७४ मिनिटं छापलेली सीडी. पहिल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर ३५.२ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून १७.६. त्याला ५० ने भागलं की कोनाचा टॅन्जंट, कोन १९.४ अंश, त्याचा साइन ०.३३२. ५३२ ला त्याने भागलं: १६०२ नॅनोमीटर, म्हणजे १.६ मायक्रोमीटर. प्रमाण नियमातलं अंतर हेच.

दुसरी, ८० मिनिटांची कोरी सीडी. अंतर आलं ३८ सेंटिमीटर. आधी वाटलं, सीडी तिरकी झाली. पण डावं-उजवं सारखं होतं. दुसऱ्या क्रमांकाचे ठिपके १००.५ सेंटिमीटर अंतरावर सापडले आणि त्यांनीही तेच उत्तर दिलं: १.५. टेपची एक मिलिमीटरची चूक उत्तरात जेमतेम पाव टक्का फरक करते, आणि इथे फरक सहा टक्क्यांचा.

मग कागद घेतला. ध्वनी साठवायची जागा मध्यापासून २५ ते ५८ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ८६०० चौरस मिलिमीटर. त्याला १.६ मायक्रोमीटरने भागलं की गुंडाळलेली रेघ उलगडून ५.३८ किलोमीटर भरते. सेकंदाला १.२ मीटर या नियमातल्या सर्वांत कमी वेगाने ती वाचायला सुमारे ७५ मिनिटं लागतात. १.५ घेतलं तर ५.७४ किलोमीटर आणि जवळपास ८० मिनिटं. जास्तीची मिनिटं आली ती रेघा जवळ ओढून. पाकिटावर छापलेला आकडा माझ्या भिंतीवर तीन सेंटिमीटर झाला होता.

घरी करून पाहणाऱ्यांना एकच विनंती. स्वस्त हिरवी पेनं लिहिल्यापेक्षा जास्त ताकदीची निघतात आणि काहींतून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो. सीडी आरशासारखी चकचकीत असते, म्हणून डोळे किरणाच्या पातळीच्या वर ठेवा, मुलांना बाजूला उभं करा आणि ठिपके भिंतीवरच पाहा.