पेजेपासून पोळीपर्यंत

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री आठ वर्षांच्या मुलाला उलट्या सुरू होतात, पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब. घरात दोन गट पडतात. आजी म्हणते, ‘पोट रिकामं ठेवा, आपोआप बसेल.’ आईला वाटतं, मूल गळून गेलंय, काहीतरी पोटात जायला हवं. दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त वेळा वेगळ्या आहेत. आजीचं म्हणणं पहिल्या काही तासांपुरतं खरं आहे, तेही घन अन्नापुरतंच. त्यानंतर मात्र आईचं बरोबर. पूर्वी डॉक्टरसुद्धा आतड्याला विश्रांती म्हणून दिवस-दिवस उपास घडवत. आता तसं कोणी सांगत नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक, बोटांसारखे उंचवटे असतात. पचलेलं अन्न आणि पाणी त्यांच्यातूनच रक्तात शिरतं. रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरससारखा विषाणू नेमका या उंचवट्यांच्या टोकाकडच्या पेशींवर हल्ला करतो. पेशी झडतात, शोषण कमी होतं आणि पाणी खाली निघून जातं. पण एरवीही या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत बदलत असतात, त्यामुळे दुरुस्ती लगेच सुरू होते. नव्या पेशींना वाढायला जे पोषण लागतं त्याचा मोठा भाग आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच थेट मिळतो. म्हणून लांबलेल्या उपासाने हे काम रेंगाळतं.

सुरुवात अर्थात पाण्याची, पण नुसत्या पाण्याची नाही. आतड्याच्या पेशींमध्ये सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढलं जातं. जुलाबाच्या बहुतेक आजारांत ही वाट शाबूत राहते. ओआरएसची सारी किमया यात आहे. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटलं. नातेवाइकांनी ते रुग्णांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची मोठी पुडी हे त्याच पाण्याचं सुधारलेलं रूप आहे.

ती पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवायची. छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पाण्याचं माप पुडीवर वाचूनच घ्यावं. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की प्रमाण बिघडतं. मिठाचं प्रमाण वाढलं तर लहान मुलाला ते धोक्याचं आहे आणि साखर जास्त झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढून जुलाब वाढवते. बाटलीतला फळांचा रस, सोडा आणि कोला अशा वेळी का त्रास देतात, याचं कारण हेच. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालतं. चव अश्रूंहून खारट लागली तर ते पाणी फेकून नवं करावं. शहाळ्याचं पाणी चांगलं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम कमी असल्याने ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या आठ वर्षांच्या मुलाकडे वळू. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि मग दर दोन मिनिटांनी एक चहाचा चमचा ओआरएस. हे कंटाळवाणं काम आहे. तहानलेलं मूल पेला मागतं आणि आपलाही हात सैल सुटतो. पण पेलाभर पाणी एकदम गेलं की ताणलेलं जठर ते बाहेर फेकतं, तर चमच्याचमच्याने तासाभरात दीडशे मिलिलिटर आत राहतं. उलटी थांबली की घोट मोठे करावेत. मग प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक पेला ओआरएस, म्हणजे शंभर ते दोनशे मिलिलिटर. दोन वर्षांखालच्या बाळाला याच्या निम्मं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र एकदाही बंद करायचं नाही.

तीन-चार तास पोटात टिकलं, मुलाला फिकट लघवी झाली, तोंडाला ओल आली की अन्नाची वेळ झाली. जुलाब थांबण्याची वाट पाहायची नाही, इथेच बहुतेक घरं अडतात.

पहिलं अन्न म्हणून पेजेसारखी दुसरी गोष्ट नाही, असं माझं ठाम मत आहे. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, शितं पळीने घोटून केलेली पातळ पेज, चवीपुरतं मीठ घालून. तांदळाचा स्टार्च आतड्यात सावकाश ग्लुकोजमध्ये मोडतो. त्यामुळे ग्लुकोज भरपूर मिळतो, पण तो एकदम पाणी खेचत नाही, आणि पेजेतलं मीठ त्या ग्लुकोजबरोबर आत जातं. मीठ न घातलेली पेज म्हणूनच अर्धी निकामी. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज रोजच्या जेवणात आहे, तीही उत्तम, फक्त पहिल्या दिवशी सोबत लोणचं नको. अर्धी वाटी द्यावी, तासा-दोन तासांनी पुन्हा. सकाळी दहाला पेज सुरू केली तर संध्याकाळपर्यंत बहुतेक मुलं गुरगुट्या भातावर येतात. त्यावर मुगाच्या डाळीचं पातळ वरण, हिंग आणि जिऱ्याची हलकी फोडणी, अर्धा चमचा साजूक तूप. तुपाला घाबरण्याचं कारण नाही, एवढं पचतं आणि त्यातून मुलाला ऊर्जा मिळते. फक्त तळलेलं आणि तेलाचा तवंग असलेलं काही दिवस दूर ठेवावं.

आणि नेमकं इथे ते घडतं ज्याने सगळे घाबरतात. दोन घास भात पोटात गेला की दहा मिनिटांत मूल संडासकडे धावतं. ‘बघा, खाल्लं की लगेच निघून जातं!’ आणि पुन्हा नुसत्या पाण्यावर. पण दहा मिनिटांपूर्वीचा भात अजून जठरातच असतो, खाली पोचायला त्याला कित्येक तास लागतात. जठरात अन्न आलं की मोठं आतडं हलतं, ही निरोगी माणसातही होणारी प्रतिक्रिया आहे, सकाळच्या चहानंतर अनेकांना तिचा अनुभव येतो. आजारात ती तीव्र असते एवढंच. जे बाहेर पडलं ते आधीचं साचलेलं. म्हणून जेवणानंतरच्या एका जुलाबावरून निर्णय घेऊ नये. पाहायचं ते दिवसभराचं: एकूण खेपा कालच्यापेक्षा कमी का, पाण्याऐवजी पातळ, मग घट्टसर होतंय का, लघवी दर चार-सहा तासांनी होते का, मूल उठून खेळायला मागतं का. हे जमत असेल तर पुढे जायचं. उलटी पुन्हा सुरू झाली किंवा पाण्यासारख्या खेपा वाढल्या, तरच काही तास ओआरएस आणि पेजेवर परत यायचं, शून्यावर नव्हे.

दुसऱ्या दिवशी दही-भात, पिकलेलं केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. केळं आणि बटाटा जुलाबात गेलेलं पोटॅशियम परत देतात. तूप-मेतकुटाचा मऊ भातही या दिवशी रुचतो. तिसऱ्या दिवशी मऊ फुलका वरणात कुस्करून, दुधी किंवा लाल भोपळ्याची कमी तिखटाची भाजी, घरात चालत असेल तर उकडलेलं अंडं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताटात पोळी, भाजी, वरण-भात सगळं असतं, फक्त तिखट बेताचं. मटकीची उसळ, छोले, कच्ची कोशिंबीर आणि भजी सगळ्यात शेवटी, कारण त्यांनी वायू होतो किंवा पचनावर जास्त भार पडतो. मोठ्या माणसाचा क्रम हाच, बहुधा तो लवकर संपतो. आणि वेळापत्रकाला चिकटून राहू नये. मुलाला भूक असेल आणि पोट ऐकत असेल तर दुसऱ्याच दिवशी फुलका द्यायला हरकत नाही.

दुधाचं मात्र वेगळं सांगायला हवं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तयार होतं ते त्या उंचवट्यांच्या टोकांवर, म्हणजे जिथे सर्वाधिक पडझड झालेली असते तिथे. त्यामुळे काही मुलांना आजारानंतर काही दिवस दूध पचत नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते. ओळखायची खूण अशी की दूध प्यायल्यावर तास-दोन तासांत पोट फुगतं, गुरगुरतं आणि फेसाळ, आंबट वासाचे जुलाब होतात, शौचाची जागाही लाल होते. असं दिसलं तर आठवडा-दोन आठवडे पेलाभर दूध थांबवावं आणि दही-ताकावर राहावं. दह्यात जिवाणूंनी ही साखर काही अंशी आधीच मोडलेली असते. मग अर्धी वाटी दुधाची खीर देऊन पाहावी. ज्यांना ही लक्षणं नाहीत त्यांचं दूध बंद करण्याचं कारण नाही.

हा सगळा क्रम साध्या संसर्गासाठी आहे. शौचातून रक्त, जोराचा ताप, घोटही न टिकणारी उलटी, आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त पडलेलं, यातलं काहीही दिसलं तर स्वयंपाकघर सोडून दवाखाना गाठायचा. सहा महिन्यांखालची बाळं, मूत्रपिंडाचे रुग्ण, इन्शुलिन घेणारे मधुमेही आणि वृद्ध यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना घरच्या घरी कधीही देऊ नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर ओआरएसबरोबर दोन आठवडे झिंकही देतात, आणि जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं असतं.

मूल आता सगळ्यांबरोबर जेवायला बसतं, तरी पुढचे दोन आठवडे त्याला दिवसातून एक जेवण जादा द्यावं. आजारात उतरलेलं वजन त्याच काळात भरून येतं. चार वाजता तूप लावलेली पोळी आणि गूळ, किंवा वाटीभर मुगाची खिचडी एवढं पुरतं. चौदा दिवसांनंतरही पोट पातळच राहत असेल किंवा वजन घसरत असेल, तर हा आहाराच्या क्रमाचा प्रश्न उरत नाही, तेव्हा शौचाची तपासणी करून घ्यावी.